नवरीच्या मित्रानं लग्नात चार मिनिटं कसं बोलावं

आपल्याकडच्या लग्नात बोलणाऱ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. भटजी मंत्र म्हणतात, आत्या-मावश्या मंगलाष्टकं म्हणतात, नवरा-नवरी उखाणे घेतात, आणि वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी चार शब्द आशीर्वादाचे बोलतं. नवरीच्या मित्राला यात जागा नव्हती. आता संगीताच्या कार्यक्रमात किंवा हळदीच्या संध्याकाळी त्याच्या हातात माइक येतो. करवली काय बोलेल याचा प्रत्येकाला अंदाज असतो, भावाचाही असतो. मित्र उभा राहिला की मात्र मुलाकडची माणसं जरा सावरून बसतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं, फक्त हा कोण आणि काय बोलणार, हे त्यांना ठाऊक नसतं. त्या सावरून बसलेल्या माणसांना मोकळं करायचं आणि मैत्रिणीवरची माया तर पूर्ण पोचवायची, यासाठी भाषण कसं बांधावं ते मी इथे सांगणार आहे.

हे मी चुकून शिकलो. पहिल्यांदा एका मैत्रिणीच्या हळदीला बोललो तेव्हा गमतीत म्हणालो, "आता हिला फोन करायचा तर आधी तुमची परवानगी घ्यावी लागणार." आमचा ग्रुप हसला. नवरदेवाची आई हसता हसता थांबली. त्या एका वाक्यात मी त्यांच्या मुलाला संशयी ठरवलं होतं, आणि तेही त्यांच्याच पाहुण्यांसमोर. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली आणि त्यांनी मोठ्या मनानं ती स्वीकारली. पण त्या संध्याकाळचा व्हिडिओ आजही त्या घरात आहे. पुढे मुक्ताच्या लग्नात बोलायची वेळ आली तेव्हा मी दोन महिने आधी तयारीला लागलो. खालचं सगळं त्या तयारीतून आलेलं आहे. नावं बदलली आहेत.

बोलायचं कधी आणि कुठे

लग्नाच्या आसपास तीन-चार प्रसंग असतात, पण सगळे भाषणाला सारखे नसतात. केळवण घरगुती असतं. वीस-पंचवीस माणसं, पानं वाढलेली, माइक नाही. तिथे मनमोकळं बोलता येतं, पण नवरदेवाकडचं सहसा कुणी नसतं, त्यामुळे त्याचा मान राखायचा तो कुणासमोर, हा प्रश्न राहतो. लग्नाच्या दिवशी मुहूर्त, अक्षता, पंगती असा सगळा दिवस घड्याळावर चालतो, त्यात मित्राच्या भाषणासाठी कुणाला थांबवू नये. रिसेप्शनला भाषण करू नका असंच मी सांगेन. स्टेजवर आहेर देणाऱ्यांची रांग असते, निम्मे लोक जेवत असतात, आणि नवरा-नवरी तीन तास उभे राहून थकलेले असतात.

चांगली वेळ म्हणजे लग्नाच्या आदली संध्याकाळ. सीमांतपूजन त्याच संध्याकाळी असतं. पूर्वी वराचं स्वागत गावाच्या शिवेवर व्हायचं म्हणून हे नाव. आता ते कार्यालयातच होतं, आणि तो सगळा विधी नवरदेवाच्या मानाचा असतो. दोन्हीकडची जवळची माणसं हजर असतात, बसलेली असतात, आणि नुकताच जावयाचा सन्मान झालेला असतो. त्यानंतर जेवणाआधीची दहा-पंधरा मिनिटं भाषणाला मिळाली तर उत्तम. संगीत असेल तर पहिल्या एक-दोन नाचांनंतरची जागा मागा. शेवटची मागू नका, कारण तोवर लोकांचं लक्ष जेवणाकडे गेलेलं असतं.

वेळ ठरवताना तीन जणांना विचारायचं. आधी मैत्रिणीला, मग तिच्या आईवडिलांना, आणि मग नवरदेवाला. नवरदेवाला सरप्राइज देऊ नका. "मी उद्या चार मिनिटं बोलणार आहे, चालेल ना?" एवढं विचारलं की त्याला कळतं की त्याच्या लग्नात त्याला गृहीत धरलेलं नाही. खरं तर त्याचा मान तिथूनच सुरू होतो.

आधी तिला विचारा, मग त्याला भेटा

मैत्रिणीला "तुझ्याबद्दल काय बोलू?" असं विचारलं की ती म्हणते, "काहीही बोल." त्याचा उपयोग नाही. "काय बोलू नको?" असं विचारा. मुक्तानं मला पटकन चार गोष्टी सांगितल्या. बारावीचे मार्क, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षीची गोव्याची सहल, तिची एक जुनी नोकरी, आणि तिचं वजन. यातल्या नोकरीचा तर मला अंदाजच नव्हता. तिथे तिला फार त्रास झाला होता आणि तो विषय घरात अजून निघत नाही. मी मात्र त्या नोकरीतला एक मजेशीर किस्सा सांगायचं मनात धरलं होतं. जुन्या प्रेमप्रकरणाबद्दल तर तिनं सांगायचीही वाट बघू नका. नाव, सूचना, "एके काळी" अशी सुरुवात, काहीही नको.

नवरदेवाला एकट्याला एकदा भेटा. चहा, तासभर, बस. मैत्रीण सोबत असली तर तुम्ही दोघंच जुन्या गप्पांत रंगता आणि तो ऐकत बसतो. त्याची मुलाखत घ्यायची नाही, तो कसा वागतो-बोलतो ते बघायचं. त्याच्याबद्दल भाषणात सांगायला तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट लागते. ती त्या भेटीत मिळेल, किंवा साखरपुड्यात पाहिलेली आठवेल. ती मिळेपर्यंत भाषण लिहायला बसूच नका, नाहीतर त्याच्या वाट्याला "खूप चांगला मुलगा", "शांत", "समजूतदार" असे शब्द येतात. ते शब्द कुठल्याही नवरदेवाला लागू पडतात, म्हणून त्यानं मान राखला जात नाही.

आठवण निवडताना

तिच्याबद्दल एकच आठवण सांगायची. बारा वर्षांच्या मैत्रीत शंभर असतात, आणि तीन-चार सांगायचा मोह होतो. पण तीन आठवणी सांगितल्या की ती यादी होते आणि ऐकणाऱ्यांपुढे माणूस उभा राहत नाही.

माझ्याकडे तीन होत्या. पहिली गोव्याची, जी सगळ्यात जास्त हशा मिळवणारी होती. ती तिनंच बाद केली होती. पण तिनं केली नसती तरी मी केली असती, कारण त्या गोष्टीत असलेले पाचच जण हसले असते आणि बाकीचे शंभर त्यांच्याकडे बघत बसले असते. दुसरी कॉलेजच्या गॅदरिंगची. ऐन वेळी निवेदक आला नाही आणि मुक्तानं कार्यक्रम तारून नेला. गोष्ट चांगली होती, पण त्यात तिचं कौतुक होतं, माया नव्हती. ती तिच्या कुठल्याही सरांनी सांगितली असती. तिसरी माझ्या वडिलांच्या आजारपणातली. 2016 साली बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते आणि मुक्ता रोज डबा घेऊन यायची.

ही तिसरी गोष्ट मी निवडली, पण तिलाही दोन ठिकाणी घासावं लागलं. पहिल्या खर्ड्यात त्या नऊ दिवसांत मी किती खचलो होतो यावर अर्धं पान होतं. ते सगळं काढलं. लग्नाच्या आदल्या दिवशी लोकांनी माझ्यासाठी हळहळू नये. दुसरं म्हणजे एका रात्री ती उशिरापर्यंत दवाखान्याबाहेर माझ्याजवळ बसली होती, ते मला फार मोलाचं वाटतं. तेही काढलं. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण नवरदेवाची सांगलीची आत्या मुक्ताला पहिल्यांदा बघत होती, आणि तिला आधी रात्रीचा प्रसंग दिसला असता, मुक्ता नंतर दिसली असती. दुपारचा डबा आणि सोबत आलेली तिची आई या चित्रातून तीच माया पोचते आणि कुणाच्या मनात प्रश्न उभा राहत नाही. काही मित्रांना हे दबून वागणं वाटतं. मला तसं वाटत नाही. हे भाषण तिच्या आयुष्यातल्या नव्या माणसांपुढे तिची ओळख म्हणून राहणार आहे, आणि त्याचे परिणाम तिच्या वाट्याला येतात, माझ्या नाही.

आठवण बरोबर निवडली का, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. गोष्ट लिहून काढा आणि त्यातल्या क्रिया कोण करतं ते बघा. "मी गेलो, मी सांगितलं, मला वाटलं" असं दिसलं तर ती तुमची गोष्ट आहे. "ती आली, तिनं ठेवलं, ती म्हणाली" असं दिसलं तर ती तिची आहे.

स्वतःची ओळख आणि 'भावासारखा' हा शब्द

पहिल्या अर्ध्या मिनिटात "हा कोण" या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि विषय संपवायचा. सगळ्यात सोपा रस्ता तिच्या घरातून जातो. तिच्या आईच्या हातचं काय खाल्लं, तिचे बाबा दार उघडताना काय म्हणायचे, आजी कुठल्या नावानं हाक मारायच्या. तिच्या घरच्यांनी तुम्हाला आपलं मानलं आहे, हे एका वाक्यात दिसलं की मुलाकडचेही निर्धास्त होतात.

बरेच जण इथे "मी तिच्या भावासारखा" असं म्हणतात. ती तुम्हाला राखी बांधत असेल, भाऊबीजेला ओवाळत असेल, तर जरूर म्हणा, ते खरंच आहे. नसेल तर म्हणू नका. न विचारता दिलेली सफाई ऐकली की ज्याच्या मनात काही नव्हतं त्याच्याही मनात येतं. "आमच्यात तसं कधीच काही नव्हतं" हे तर विनोदानंही नको. शिवाय तिचा सख्खा भाऊ समोर बसलेला असतो. लाजाहोमात लाह्या घालायला तो असणार आहे, आणि कानपिळीला नवरदेवाचा कान पिळायचा मानही त्याचा आहे. त्याची जागा त्याच्याकडे राहू द्या. 'मित्र' हा शब्द पुरेसा आहे. तो सरळ, न अडखळता म्हटला की लोक सरळच घेतात.

नवरदेवाशी बोलताना

आधी तू की तुम्ही ते ठरवा. तुमची दोघांची आधीपासून अरे-तुरेची ओळख असेल, वय सारखं असेल, तर स्टेजवर एकदम "तुम्ही" म्हणणं परकं वाटतं. पण त्याचे काका-मामा समोर असताना "अरे अन्या" ही हाकही बरी दिसत नाही. पूर्ण नाव घ्या आणि "तू" म्हणा. तो वयानं मोठा असेल किंवा ओळख नवी असेल तर "तुम्ही". "अनिकेतराव" किंवा "जावईबापू" हे शब्द तिच्या घरच्यांच्या तोंडी शोभतात, मित्राच्या तोंडी त्यांत चेष्टा ऐकू येते. कोल्हापूर-सांगलीकडे मेव्हण्याला "दाजी" म्हणतात. तिचे चुलतभाऊ म्हणतात म्हणून आपणही म्हणावं असं नाही. त्याच्या आईवडिलांना काका-काकू आणि "तुम्ही".

आता काही वाक्यं, जी प्रेमानं बोलली जातात आणि तरीही लागतात. "तिला त्रास दिलास तर गाठ माझ्याशी आहे." यात समोरचा माणूस त्रास देणारा आहे असं आधीच धरलेलं असतं. असा लटका दम द्यायला आपल्याकडे कानपिळी आहे, आणि ती भावानं करायची असते. "तिला सांभाळून घे." यात ती ओझं होते. "तू फार नशीबवान आहेस." यात त्याच्या आईवडिलांना ऐकू येतं की आमच्या मुलाची लायकी नव्हती. "मी तिला तुझ्यापेक्षा जास्त ओळखतो" यात तर शर्यतच आहे. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आज मी माझी मैत्रीण तुझ्या हाती सोपवतो आहे." मुलगी सोपवण्याचे विधी घरच्यांचे, त्यात कन्यादान आलं, झाल आली, आणि त्यावरही आज अनेक मुली प्रश्न विचारतात. मित्राकडे सोपवण्यासारखं काहीच नसतं. मैत्री तिची तिच्याकडेच राहते.

त्याच्याबद्दल बोलायची सोपी पद्धत अशी. मी काय पाहिलं ते सांगायचं, त्यावरून मला काय वाटलं ते एका वाक्यात सांगायचं, आणि त्याचं श्रेय त्याच्या घराकडे न्यायचं. अनिकेतबद्दल माझ्याकडे साखरपुड्यातला एक प्रसंग होता. तो निवडण्याचं आणखी एक कारण म्हणजे त्यात त्याला जे सुचलं ते मला सुचलं नव्हतं. नवरदेवापेक्षा मित्र शहाणा दिसेल असा प्रसंग कधीही घेऊ नये.

लिहिलेलं भाषण

सावकाश, थांबत बोललं की मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. माझ्या भाषणात तीनशेच्या आसपास होते. हशा, शांतता, डबा उचलणं हे धरून चार मिनिटं लागली. यापेक्षा लांब नको. ते भाषण जसंच्या तसं देतो.

"नमस्कार. मी मुक्ताचा मित्र, अकरावीपासूनचा. आमची घरं एकाच बसच्या रस्त्यावर होती. क्लास सुटला की मी तिच्या स्टॉपवर उतरायचो, काकूंच्या हातचे पोहे खायचो आणि पुढची बस पकडायचो. काकू, त्या पोह्यांचा हिशेब तुम्ही कधी ठेवला नाहीत.

आज मी एक डबा घेऊन आलोय. स्टीलचा, तीन पुडांचा. 2016 साली माझे बाबा नऊ दिवस दवाखान्यात होते. पहिल्या दिवशी दुपारी मुक्ता आणि काकू हा डबा घेऊन आल्या. मऊ भात, वरण, आणि वरच्या पुडात माझ्या आईसाठी थालीपीठ. दुसऱ्या दिवशी मुक्ता भरलेला डबा घेऊन आली आणि रिकामा घेऊन गेली. असं नऊ दिवस. ती मला 'काळजी करू नको' असं एकदाही म्हणाली नाही. ती आल्या आल्या आईला म्हणायची, 'काकू, तुम्ही बाहेर बसून जेवा, मी थांबते इथे.' दिवसभरात तेवढाच अर्धा तास माझी आई शांतपणे जेवायची. नवव्या दिवशी बाबांना घरी सोडलं, आणि शेवटचा डबा आमच्याकडे राहिला.

या झाकणावर आजींचं नाव घातलेलं आहे. आजी पहिल्या रांगेत बसल्यात. साखरपुड्याच्या दिवशी स्टेजवर फोटो चालले होते. पाच पायऱ्या होत्या, आजींना चढवेना. त्या म्हणत होत्या, 'राहू दे रे माझा फोटो.' मी खुर्चीसकट त्यांना वर न्यायला चार मुलं शोधायला गेलो. परत येऊन बघतो तर अनिकेत आणि मुक्ता खाली आले होते. आजींच्या खुर्चीच्या दोन बाजूंना दोघं जमिनीवर बसले होते, आणि फोटोग्राफरही खाली आला होता. अनिकेत, त्या दिवशी आपली ओळख तासाभराची होती. तेव्हापासून मला तुझ्याबद्दल आदर आहे. आणि काका, काकू, हे असं सुचणं घरातून येतं, म्हणून तो आदर तुमच्यापर्यंतही पोचवतो.

मुक्ता, आपली मैत्री बारा वर्षांची. उद्यापासून ती तुमच्या दोघांच्या घराशी आहे, असं मी समजतो.

रिकामं भांडं परत देऊ नये, असं माझी आई सांगते. म्हणून या डब्यात तिनं केलेले बेसनाचे लाडू आहेत. अनिकेत, हा डबा तुझ्या हातात देतो. तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा."

डबा मुक्ताच्या हातात न देता अनिकेतच्या हातात का दिला, हे मला नंतर दोघा-तिघांनी विचारलं. डबा तिच्या घरचा होता. तो तिला परत दिला असता तर तो आमच्या दोघांतला व्यवहार झाला असता आणि अनिकेत बाजूला उभा राहून बघत राहिला असता. त्याच्या हातात दिल्यावर सगळे त्याच्याकडे बघू लागले, आणि त्या जुन्या गोष्टीत तोही आला. तुमच्याकडे डबा नसेल तर नसू दे, वस्तू लागतेच असं नाही. पण भाषण संपताना नजर आणि शेवटचं वाक्य दोघांकडे मिळून जाईल, एवढं मात्र बघा.

भाषणात तिला कुठलंही विशेषण लावलेलं नाही, हेही बघा. प्रेमळ, हुशार, खंबीर असं काही नाही. थालीपीठ आईसाठी वेगळं आणलं होतं, हे ऐकल्यावर ते शब्द लोकांच्या मनात आपोआप येतात.

मुलाकडचे लोक मराठी नसतील तर भाषण थोडं बदलावं लागतं. पूर्ण भाषण हिंदीत केलं तर मैत्रिणीच्या आजीला तुटक वाटतं, पूर्ण मराठीत केलं तर समोरची निम्मी खोली गप्प बसते. नवरदेवाबद्दलचा भाग त्यांना समजेल अशा भाषेत बोला आणि आठवण मराठीत. त्यांच्या भाषेतलं एक वाक्य त्याच्या बहिणीकडून शिकून घेतलंत तर फार छान. उच्चार मात्र तिच्यासमोर तीन-चार वेळा म्हणून पक्का करा.

आधी कुणाला ऐकवायचं

मैत्रिणीला आधी ऐकवू नका. तिच्या भावाला किंवा बहिणीला ऐकवा. त्यांना घरातल्या दुखऱ्या जागा माहीत असतात. मी मुक्ताच्या भावाला वाचून दाखवलं तेव्हा त्यानं एकच वाक्य काढायला लावलं. "काकूंनी नऊ दिवस स्वयंपाक केला" असं मी लिहिलं होतं, पण त्यातले चार दिवस त्याच्या मामीनं केला होता, आणि मामी समोर बसणार होती. म्हणून कुणी केला हे काढून नुसता डबा ठेवला.

मोठ्यानं वाचा, मनात नाही. डोळ्यांना बरी वाटणारी पण जिभेवर अडणारी वाक्यं तेव्हाच सापडतात. "ज्याप्रमाणे", "अत्यंत", "या निमित्ताने" असे शब्द आले की तुम्ही सत्काराच्या सभेत बोलायला लागता. तिच्याशी जसं बोलता तसंच लिहा. चार-पाच वेळा म्हणून झालं की पूर्ण भाषण पाठ करायची गरज उरत नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर प्रत्येक भागाचे पहिले तीन-चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहा. फोनवरून वाचू नका. मध्येच स्क्रीन बंद होते, कुणाचा फोन येतो, आणि त्या उजेडात तुमचा चेहरा खालीच राहतो.

प्रत्यक्ष बोलताना

साउंडवाल्याला अर्धा तास आधी भेटून दोन गोष्टी सांगा. मी बोलताना पाठीमागचं संगीत पूर्ण बंद ठेवा, आणि मी कुठे उभा राहू ते दाखवा. स्पीकरच्या समोर माइक धरून उभं राहिलं की तो किंचाळतो, आणि पहिलं वाक्य त्यातच जातं. माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या पातळीला धरा, आणि मान वळवाल तेव्हा तोही सोबत वळवा. उभं राहायचं ते नवरा-नवरी एका बाजूला आणि लोक समोर असे. दोघांच्या मधे किंवा तिच्या अगदी शेजारी उभं राहू नका. फोटोत ते विचित्र दिसतं. त्या संध्याकाळी भाषण होईपर्यंत काही प्यायचं असेल तर पाणी प्या.

नमस्कार म्हटल्यावर दोन श्वास थांबा, लोक गप्प होतात. आठवण सांगताना तिच्याकडे एकदाच बघा, बाकी वेळ लोकांकडे. सारखं तिच्याकडे बघून बोललं की तुमचंही भरून येतं आणि तिचंही. नवरदेवाबद्दल बोलताना मात्र पूर्ण वेळ त्याच्याकडे बघा. तो हसला, मान हलवली, तर थांबा आणि तेवढा क्षण जाऊ द्या. गळा दाटला तर बोलत राहू नका. कागदाकडे बघा, श्वास घ्या, पुढचं वाक्य म्हणा. माझा दाटला तो थालीपिठाच्या वाक्याला, आणि लोकांनी तेवढी शांतता सहज दिली.

लोक ऐकत नाहीत हे मागच्या रांगांतून कळतं. तिथली कुजबुज वाढली, मुलं धावायला लागली, वाढपी आत-बाहेर करायला लागले, तर भाषण छोटं करा. त्यासाठी कार्डावर आधीच खूण करून ठेवा. माझ्या भाषणात पोह्यांचा भाग काढता येण्यासारखा होता आणि नऊ दिवसांचा तपशील अर्धा करता येण्यासारखा होता. नवरदेवाचा भाग मात्र कापायचा नाही, कितीही घाई असली तरी. घाईत बहुतेकांचा तोच भाग गळतो, कारण तो शेवटी असतो, आणि मग मुलाकडच्यांनी चार मिनिटं फक्त तुमच्या मैत्रीची गोष्ट ऐकलेली असते.

बोलून झालं की माइक परत द्या आणि स्टेजवरून खाली या. तिथेच फोटोला थांबू नका. जेवणाआधी नवरदेवाच्या आईवडिलांपाशी जाऊन नमस्कार करा, भाषण कसं झालं हे न विचारता. मी गेलो तेव्हा अनिकेतची आई लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि आजी तिला झाकणावरची झिजलेली अक्षरं बोटानं दाखवत होत्या. मी नमस्कार केला. अनिकेतची आई म्हणाली, "सांगलीला आलास की घरी यायचं, आणि जाताना हा डबा तुझ्या आईला परत न्यायचा."